पुराच्या पाण्याची रेघ फोटोत वर सरकवून देणारा कोणी आहे का?

अकोटा_तळमजला · ३ सप्टेंबर २०२४, रात्री १०.४०

मंडळी, नमस्कार. आमचं घर बडोद्यात अकोट्याला, तळमजल्यावर. २७ तारखेच्या रात्री पाणी घरात शिरलं ते २९ला सकाळी ओसरलं. मगर आली नाही एवढीच देवाची कृपा, मागच्या गल्लीत आली होती.

फ्रिज, वॉशिंग मशीन, हॉलमधलं शोकेस, दोन कपाटं, बॉक्स पलंग, सगळं खालून भिजलंय. घराच्या कर्जाबरोबर बँकेने ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी गळ्यात मारली होती, ती आता कामाला येईल असं वाटतंय. सर्व्हेअर शुक्रवारी येणार आहेत.

अडचण अशी की भिंतीवरची चिखलाची रेघ जमिनीपासून फक्त १४ इंचांवर आहे. समोरच्या सोसायटीतले एक गृहस्थ सांगतात की दोन फुटांच्या खाली पाणी असेल तर कंपनी दमडी देत नाही. शिवाय फोटोत नुकसान काहीच दिसत नाही, नुसती मळकी भिंत वाटते. माझ्याकडे ११ फोटो आहेत. त्यातली रेघ तीन फुटांवर नेऊन देणारा आणि कपाटांचं फुगलेलं प्लाय जरा ठळक करणारा कोणी आहे का? पैसे देईन. खोटं काही मागत नाही. नुकसान झालेलंच आहे, फक्त ते दिसायला हवं.

मीना_मावशी · ३ सप्टेंबर, रात्री ११.०५

अरे, त्यात काय एवढं? फोटो मोठा करायला दोन बोटांनी ताणायचा आणि स्क्रीनशॉट घ्यायचा. आमच्या गाडीच्या बंपरला तडा गेला होता तेव्हा मी तसाच काढून पाठवला होता. पण कंपनीने तो परत पाठवला, म्हणाले नीट पाठवा. का ते अजून कळलं नाही.

दांडियाबाजारी · ३ सप्टेंबर, रात्री ११.२०

मावशी, त्यांना फोटो मोठा नकोय, नुकसान मोठं हवंय 😄

अकोटा, बिनधास्त करा. सगळेच करतात. तुम्ही शंभर मागाल तेव्हा ते साठ देतील. एखादं ॲप उतरवून घ्या आणि फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवा. व्हॉट्सॲपवर फोटोच्या पोटातली माहिती, म्हणजे तारीख, जागा, कोणत्या सॉफ्टवेअरमधून गेला वगैरे सगळं पुसलं जातं. मग कोण पकडणार?

फोटोवाला_रावपुरा · ४ सप्टेंबर, सकाळी ८.१५

माझा स्टुडिओ आहे. लग्नात मामांच्या डोक्यावर केस आणून देतो, आजोबांचा फाटका फोटो जोडून देतो. हे काम मात्र करणार नाही. या आठवड्यात तिघांना नाही म्हटलंय, तुम्ही चौथे. राग मानू नका.

मामांचे केस बघून कोणी कोणाला पैसे देत नाही. तुमचा फोटो पैसे मिळवण्यासाठी पुरावा म्हणून जाणार आहे. जे घडलं नाही ते घडलं असं दाखवणारी फाइल बनवायची आणि ती खरी म्हणून पुढे करायची, याला कायद्यात नावं आहेत. १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता लागू झालीय, तिच्यात फसवणूक ३१८मध्ये आणि बनावट दस्तऐवज ३३६मध्ये येतो. तो खरा म्हणून वापरला की ३४०, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक फाइलही धरली जाते. बनवणारा मी आणि वापरणारे तुम्ही. तुम्ही देणार पाचशे रुपये, त्यासाठी एवढं कोण ओढवून घेईल?

दांडियाबाजारी, तुमचं अर्धं बरोबर आहे. व्हॉट्सॲपवर ती माहिती जाते हे खरंच. पण ती गेली म्हणून फोटो सुटला असं नाही. संशय आला की मूळ फाइल मागतात, फोन दाखवा म्हणतात. तेव्हा काय दाखवणार?

अकोटा_तळमजला · ४ सप्टेंबर, सकाळी ९.०२

ठीक आहे, नका करू. पण तीन फुटांची रेघ बघून कोणी म्हणणार आहे का की १४ इंचच होती? पुरात कोण पट्टी घेऊन बसलं होतं?

निवृत्त_सर्व्हेअर · ४ सप्टेंबर, दुपारी १२.४८

पट्टी पाण्यानेच लावलेली असते. तीस वर्षं हेच काम केलंय, म्हणून थोडं लांबवतो.

आधी त्या दोन फुटांचं. असा नियम पॉलिसीत कुठेही नाही. पूर आणि पाणी साचणं हे दोन्ही त्यात धरलेलं आहे. पाणी किती उंच आलं याला पैसे मिळत नाहीत, काय खराब झालं त्याला मिळतात. तुम्ही ज्या आकड्यासाठी जीव टाकताय त्याचा तुम्हाला फायदाच नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर मागे अगदी तळाशी असतो. १४ इंचांत तो बुडतो, तीन फुटांत बुडतो तेवढाच.

आता रेघ का लपत नाही ते सांगतो. साचलेलं पाणी समपातळीत असतं आणि घरातली लादी तशी नसते. मोरीकडे उतार असतोच. हॉलमध्ये रेघ लादीपासून १४ इंचांवर असेल तर मोरीच्या दाराशी ती १५ किंवा साडेपंधरा भरेल. फोटोत रेघ वर सरकवणारा ती लादीला समांतर ओढतो, कारण डोळ्याला तसंच बरोबर दिसतं. असे फोटो मी पाहिलेत. घरभर रेघ लादीपासून एकसारखी ३६ इंचांवर! पाणी असं उभं राहत नाही.

दुसरं म्हणजे पाणी तुमच्या एकट्याच्या घरात नव्हतं. शेजाऱ्याचं जोतं तुमच्यापेक्षा ७ इंच उंच असेल तर त्याच्याकडे रेघ ७ इंचांवर असणार. गल्लीतले चार-पाच क्लेम पुष्कळदा एकाच सर्व्हेअरकडे येतात. पहिल्या घरात पातळी मोजली की बाकीच्या घरांची मला दारातूनच कळायची.

आणि रेघ फक्त भिंतीवर नसते. दाराच्या मागे, फ्रिजच्या पाठीवर, शोकेसच्या आतल्या फळीवर, पडद्यावर, स्विचबोर्डच्या डब्यातसुद्धा असते. फोटोत एक रेघ हलवाल, घरातल्या वीस कशा हलवणार? त्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेले व्हिडिओ आहेत ते वेगळेच.

शेवटी नुकसान कशाचं होतं बघा. तुमचा क्लेम ९० टक्के खरा आहे. खोटं कागदपत्र जोडलं तर कंपनी फक्त वाढवलेला भाग कापत नाही. फसवणुकीच्या कलमाखाली अख्खा क्लेम नाकारू शकते. फ्रिज, कपाट, पलंग, सगळं गेलं. मला स्वतःला एका घराबाबत असं लिहावं लागलं होतं. माणूस खरोखर बुडालेला होता, पण फोटो खोटा होता.

दांडियाबाजारी · ४ सप्टेंबर, दुपारी १.३०

काका, मान्य. पण तुम्ही लोक कापता की नाही हे खरं सांगा. माझ्या भावाचं सुताराचं बिल ८५ हजारांचं होतं, हातात आले ४१. मग माणूस वाढवणार नाही तर काय करणार?

निवृत्त_सर्व्हेअर · ४ सप्टेंबर, दुपारी २.१०

कापतो, हे मी नाकारत नाही. कधी जास्तही कापलं जातं. पण भावाच्या बिलावर काय लिहिलं होतं ते विचारा. बहुतेक ‘फर्निचर दुरुस्ती, ८५,०००’ एवढी एकच ओळ असणार. मग कोणती दारं, किती चौरस फूट, कोणतं प्लाय, काहीच कळत नाही आणि सर्व्हेअर आपल्या अंदाजाने आकडा टाकतो. तेच ‘कपाट क्र. १, खालची दोन दारं, अमुक बाय तमुक, १८ मिमी प्लाय, सनमायका, मजुरी’ असं वेगळं लिहिलं असतं तर कापणाऱ्याला प्रत्येक ओळीचं कारण द्यावं लागलं असतं.

फोटोवाला_रावपुरा · ४ सप्टेंबर, संध्याकाळी ६.५५

अकोटाभाऊ, तुमची मूळ तक्रार होती की नुकसान फोटोत दिसत नाही. ती मला पटते आणि त्यावर इलाज आहे.

भिंतीचा फोटो वरून उभ्याने काढलात ना? म्हणून मळकी भिंत दिसते. फोन रेघेच्या उंचीवर आणा, भिंतीला समोरासमोर धरा. अर्धा एक्सवाली रुंद लेन्स वापरू नका, तिच्यात कडेच्या वस्तू ताणल्या जातात आणि मापावर कोणाचा भरवसा राहत नाही. आधी दारातून पूर्ण खोली, मग भिंत आणि तिच्याजवळचं कपाट, मग जवळून. जवळच्या फोटोत मोजपट्टी हवी आणि पट्टीचं शून्य लादीला टेकलेलं दिसायला हवं. पट्टी अधांतरी असेल तर तिचा उपयोग नाही.

फुगलेलं प्लाय समोरून फ्लॅश मारला की सपाट दिसतं. खोलीतला दिवा बंद करा आणि कोणाला तरी बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून, टॉर्च धरायला सांगा. प्रत्येक फुगवटा आणि सुटलेला सनमायका सावलीसकट उठून दिसेल. यात काही खोटं नाही, वस्तू आहे तशीच आहे. मग त्याच दाराच्या वरच्या कडेची जाडी मोजा आणि खालच्या कडेची मोजा. वर १८ मिमी आणि खाली २३-२४ भरली तर त्या दोन फोटोंना कोणी ‘जुनंच होतं’ म्हणून दाखवावं.

मावशी, तुमचा बंपर का परत आला तेही यातच आहे. नुसता ताणलेला तडा पाहून गाडी कोणती, तडा कुठे, केवढा, काही कळत नाही. स्क्रीनशॉटवर मूळ तारीखही राहत नाही. जवळचा फोटो चालतो, पण त्याच्या सोबत नंबरप्लेटसकट लांबचा हवा.

मीना_मावशी · ४ सप्टेंबर, संध्याकाळी ७.२०

हे बाई मला त्या कॉलसेंटरवाल्या मुलीने सांगितलं असतं तर! बरं, अंधारात काढलेला फोटो जरा उजळ केला तर तेही पाप का?

फोटोवाला_रावपुरा · ४ सप्टेंबर, संध्याकाळी ७.३४

पाप नाही, पण मूळ फाइल तशीच ठेवायची आणि तीही सोबत द्यायची. बाण काढायचा, गोल करायचा, तेही प्रतीवर. वस्तू समोर असेल तर उजेडात परत काढणं सगळ्यात सोपं. पाठवताना ईमेलला जोडा, किंवा व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तसं पाठवलं की फाइल आहे तशी जाते.

अकोटा_तळमजला · ४ सप्टेंबर, रात्री १०.१५

आज मोजलं. हॉलमध्ये १४, आतल्या खोलीत सव्वाचौदा, मोरीच्या दाराशी पावणेसोळा. काका, तुम्ही घर न बघता सांगितलंत!

पण एक घोळ झालाय. हॉलच्या दोन भिंती बायकोने परवाच फिनाइलने पुसल्या, शनिवारी गणपती बसणार म्हणून. शोकेसच्या मागे रेघ शाबूत आहे. गाद्या फेकून दिल्या, वास येत होता. आणि हे वेगळंच: भिंतीची ओल रेघेच्या वर गेलीय. आज २४ इंचांपर्यंत रंगाला फोड आलेत. मग दोन फूट म्हणायला हरकत आहे का?

सिव्हिलवाली_कारेलीबाग · ४ सप्टेंबर, रात्री ११.००

पाणी दोन फूट म्हणायला हरकत आहे. ओल दोन फूट म्हणायला नाही.

वीट आणि प्लास्टर पाणी वर ओढून घेतात, दिव्याची वात तेल ओढते तसं. पूर ओसरल्यावरही ओल काही आठवडे चढत राहते, मग क्षार वर येऊन पांढरा लोणा फुटतो आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. म्हणजे तुमचं प्लास्टरचं खरं नुकसान आज १४ इंचांवर थांबलेलं नाहीच. फोटोत खोटी रेघ ओढली असती तर ही खरी ओल दाखवायला जागा उरली नसती.

भिंतीवर पेन्सिलने ओलीची वरची कड आखा आणि शेजारी तारीख लिहा. दर दोन-तीन दिवसांनी नवी रेघ ओढा आणि त्याच जागेवरून फोटो काढा. चिखलाची रेघ आणि ओलीची कड दोन्ही एकाच फोटोत, पट्टीसकट. आणि कृपा करून गणपतीसाठी भिंत रंगवू नका. ओल्या भिंतीवर रंग टिकणार नाही आणि पुरावाही जाईल. मखरामागे पडदा लावा.

निवृत्त_सर्व्हेअर · ५ सप्टेंबर, सकाळी ७.४०

ताईंनी नेमकं सांगितलं. सर्व्हेअरला दोन्ही आकडे वेगवेगळे सांगा, पाणी १४ आणि ओल २४. दोन्ही खरे आहेत म्हणून कोणी उलटतपासणी केली तरी तुम्ही अडखळणार नाही.

पुसलेल्या भिंतींचं लपवू नका, ‘साफ केल्या’ म्हणून सांगा. गाद्यांच्या बाबतीत चूक झाली. फेकायच्या आधी फोटो, कंपनीला ईमेल आणि कापडासकट एक तुकडा कापून ठेवणं, एवढं झालं असतं तर वाद उरला नसता. आता बिल शोधा. ते नसेल तर बँकेच्या खात्यातली नोंद, ऑनलाइन ऑर्डर, वॉरंटी कार्ड. बाकी कपाटाची फळीसुद्धा भंगारवाल्याला देऊ नका, सर्व्हेअरने बघेपर्यंत सगळं घरात ठेवा. फ्रिज आणि मशीन चालू करून पाहू नका. कंपनीच्या मेकॅनिकला बोलवा आणि पाणी कुठपर्यंत शिरलं, कोणता भाग गेला, हे सही-शिक्क्याने लिहून घ्या. मागची मॉडेल आणि सिरियल नंबरची पट्टी, तिचाही फोटो.

घराचा विमा कितीचा आहे? घरातल्या सामानाला वेगळी रक्कम लिहिली नसली तरी या पॉलिसीत इमारतीच्या रकमेच्या २० टक्के आपोआप धरतात, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. पुष्कळांना हे माहीतच नसतं.

अकोटा_तळमजला · ५ सप्टेंबर, सकाळी ८.२५

इमारत ३० लाख आहे. म्हणजे सामानाचे ६ लाख! माझं सगळं मिळून पावणेदोन-दोन लाखांच्या वर जात नाही. मग मी कशासाठी रेघ वाढवत होतो?

शोकेस नवीन होतं याचा पुरावा कुठून आणू? सुताराने बिल दिलं नव्हतं.

मीना_मावशी · ५ सप्टेंबर, सकाळी ८.५०

गेल्या वर्षीचे गणपतीचे फोटो काढ की! मागे शोकेस असेलच. आमच्याकडे तर प्रत्येक फोटोत देवापेक्षा फ्रिजच जास्त दिसतो.

निवृत्त_सर्व्हेअर · ५ सप्टेंबर, सकाळी ९.१०

मावशींना शंभरपैकी शंभर. तारखेसकट मूळ फोटो द्या. शोकेस होतं आणि कसल्या स्थितीत होतं, दोन्ही कळतं. आणि सुताराला फोन करून आता लिहून घ्या, पण आजची तारीख घालून. मागची तारीख घातलेलं बिल म्हणजे परत तुमची रेघ झाली.

दांडियाबाजारी · ५ सप्टेंबर, सकाळी ९.३०

हे सगळं ठीक, पण एवढं करूनही कापलं तर?

निवृत्त_सर्व्हेअर · ५ सप्टेंबर, सकाळी ९.५२

सर्व्हे रिपोर्टची प्रत मागायची आणि कुठली ओळ का कापली ते लेखी विचारायचं. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर अहमदाबादच्या विमा लोकपालांकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद घेतात. सर्व्हेअरचा रिपोर्ट म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. पण तिथे जाताना आपले फोटो स्वच्छ हवेत.

अकोटा_तळमजला · ६ सप्टेंबर, रात्री ९.४५

आज सर्व्हेअर येऊन गेले. त्यांनी माझे फोटो नंतर बघितले. आधी स्वतःची पट्टी काढून चार ठिकाणी मोजलं, मग शोकेस पुढे ओढायला लावून मागची रेघ बघितली. शेजाऱ्यांकडे सकाळीच जाऊन आले होते, तिथली पातळी तोंडपाठ! मी तीन फुटांचे फोटो दाखवले असते तर काय झालं असतं याचा विचार करून पाठ ओली झाली.

टॉर्चचे फोटो आणि जाडीची मापं त्यांनी मागून घेतली. फ्रिज आणि मशीनला मेकॅनिकचं पत्र पुरलं. सुताराचा अंदाज ओळीओळीने मागितलाय, सोमवारी देतो. गाद्यांवर मात्र अडलं. बिल सापडलं नाही, ‘बघू’ म्हणाले. भिंतीच्या ओलीबद्दल म्हणाले की फोटो पाठवत राहा, प्लास्टर खरवडायचं की नुसता रंग, ते कंपनी ठरवेल.

दांडियाबाजारी · ६ सप्टेंबर, रात्री १०.०५

म्हणजे गाद्या गेल्याच. मी सांगतो ना, कापतातच.

सिव्हिलवाली_कारेलीबाग · ६ सप्टेंबर, रात्री १०.२०

नुसता रंग मान्य करू नका. लोणा आलेलं प्लास्टर काढावंच लागतं. तसं लिहून हवं असेल तर मी एखाद्या दिवशी येऊन बघते. पेन्सिल कुठे आहे आज?

अकोटा_तळमजला · ६ सप्टेंबर, रात्री १०.३२

२६ वर. ताई, दर्शनालाच या, मखर त्या भिंतीशीच आहे. पडदा बाजूला करून दाखवतो.